ओठ जड झालाय पण दाढ तशीच ठणकतीये: खालच्या दाढेचा ब्लॉक कसा द्यायचा आणि तो का फसतो

मागच्या पावसाळ्यात अशोक चौकाकडच्या एक अक्का क्लिनिकला आल्या, विड्या वळायचं काम, वय बेचाळीस, वजन ४८ किलो. उजवीकडची खालची पहिली मोठी दाढ म्हणजे ४६ नंबर. चार रात्री झोप नाही, चहाचा घोट घेतला की कळ कानापर्यंत जायची. मी बर्फाची कांडी दाढेला लावली, काढून घेतल्यावरही अर्धा-पाऊण मिनिट त्या गाल धरून बसल्या. म्हणजे इर्रिव्हर्सिबल पल्पायटिस, दाढ वाचवायची तर रूट कॅनाल. माझ्याकडे तेव्हा नुकतीच इंटर्नशिप संपलेली एक मुलगी शिकायला येत होती, तिने ब्लॉक दिला, दहा मिनिटांनी विचारलं तर अक्का म्हणाल्या, "जीभ बधिर झालीया, पण ओठ हाय तसाच हाय, आणि दाढ तर ठणकायलीय."

हे एक वाक्य नीट ऐकता आलं ना, की इन्फिरिअर अल्व्हिओलर नर्व्ह ब्लॉकचं अर्धं गणित सुटतं, म्हणून ही केस धरूनच सगळं सांगते. तुम्ही थर्ड इयरला असाल किंवा नुकतेच ओरल सर्जरीच्या पोस्टिंगला लागला असाल तर तुमच्यासाठी आहे हे, आणि पहिले काही ब्लॉक सिनिअर शेजारी उभे असतानाच द्यायचे, हे धरून चाललेय.

आधी डोक्यात चित्र हवं

जबड्याचा जो उभा भाग असतो, रेमस, त्याच्या आतल्या बाजूला साधारण मध्यावर, किंचित मागे, एक भोक असतं, मँडिब्युलर फोरॅमेन. नर्व्ह वरून खाली येते आणि त्या भोकातून हाडात शिरते, एकदा आत शिरली की तुमचं औषध तिला गाठू शकत नाही. भोकाच्या पुढे हाडाची छोटी जिभली असते, लिंग्युला, ती ढालीसारखी उभी. औषध भोकाच्या खाली पडलं तर नर्व्ह केव्हाच आत गेलेली असते आणि लिंग्युलाच्या पुढे पडलं तर ढाल आडवी येते. म्हणून औषध पडायला हवं भोकाच्या जरा वर, नर्व्ह अजून मोकळी असते तिथे. नवीन माणसाचे बहुतेक ब्लॉक फसतात ते याच्यामुळे, सुई खाली लागते किंवा पुढे अडकते. कॉलेजमध्ये कोरडा मँडिबल हातात मिळतो तेव्हा व्हायव्हापुरता बघू नका, सिरिंज घेऊन त्यावर उजवी-डावी दोन्ही बाजू करून बघा, दातांच्या पातळीपासून भोक किती वर आहे ते बोटाने मोजा.

जिभेची नर्व्ह, लिंग्वल, याच नर्व्हच्या जरा पुढे आणि आतल्या बाजूला चालते. म्हणजे सुई पुरेशी आत न जाता औषध सोडलं की आधी तीच सापडते. अक्कांची जीभ बधिर आणि ओठ जागा, याचा अर्थ तिथेच कळला: औषध अलीकडे पडलंय.

सुई कोणती

यात हयगय नको. डिस्पोजेबल सिरिंजसोबत येते ती सुई बहुतेकदा एक इंचाची, म्हणजे २५ मिमी. मोठ्या माणसात हाडापर्यंतचं अंतर २० ते २५ मिमी, म्हणजे ती सुई पार बुडखापर्यंत आत घालावी लागते, आणि सुई तुटते ती बुडखापाशीच, तुटली तर बाहेर धरायला काही उरत नाही. म्हणून लांब सुई घ्या, डेंटल लाँग नीडल साधारण ३२ मिमी असते, नाहीतर दीड इंची. जाडी २५ किंवा २७ गेज. ३० गेजची बारीक सुई पेशंटला बरी वाटेल असं मनात येतं, पण ती टिश्यूत वाकते, टोक भलतीकडे जातं. आणि सुई मुद्दाम वाकवून तर कधीच घालायची नाही.

औषध आपल्याकडे नेहमीचंच, लिग्नोकेन २ टक्के, अ‍ॅड्रेनॅलिन एकास ऐंशी हजार. सिरिंजमध्ये २ मिली भरून घ्या, त्याची वाटणी पुढे सांगते.

लँडमार्क: अंगठा, घडी, आणि समोरचे प्रीमोलर

उजव्या बाजूचा ब्लॉक आणि तुम्ही उजव्या हाताचे, तर पेशंटच्या समोर-उजवीकडे, घड्याळातल्या आठच्या जागी उभं राहा. डाव्या बाजूसाठी दहाच्या जागी. चेअर मागे टाका, पेशंट आडवा असलेला बरा, कारण सुई बघून चक्कर येणारे कमी नाहीत. आणि तोंड पूर्ण उघडायला लावा, "मावशी, मोठा आ करा" असं दोनदा तिनदा म्हणावं लागतं, पण अर्ध्या उघडलेल्या तोंडात लँडमार्क दिसतच नाहीत.

आता डावा अंगठा शेवटच्या दाढेच्या मागे न्या, रेमसची पुढची कडा लागेल, अंगठा तिच्यावरून वर-खाली फिरवला की एका जागी कडा आत खोलगट जाते आणि अंगठा तिथे आपोआप बसतो. ती कोरोनॉइड नॉच. त्याच वेळी त्याच हाताची बोटं बाहेरून कानाच्या खाली रेमसच्या मागच्या कडेवर ठेवा. आता रेमसची सगळी रुंदी तुमच्या चिमटीत आलीय, भोक त्या चिमटीच्या मध्याच्या जरा मागे आहे, हे डोळे मिटूनही जाणवायला पाहिजे. उंची ठरते अंगठ्यावरूनच: नखाच्या मधून खालच्या दातांना समांतर अशी रेघ मागे नेलीत की ती दातांच्या चावण्याच्या पातळीपासून ६ ते १० मिमी वर असते, तीच सुईची उंची.

दुसरी खूण टेरिगोमँडिब्युलर रॅफे. मोठा आ केला की शेवटच्या दाढेच्या मागून वर टाळूकडे जाणारी ताणलेल्या दोरीसारखी एक उभी घडी दिसते, तीच. नॉचपासून या घडीपर्यंतचं अंतर मनात चार भागांत वाटा, तीन भाग मागे गेल्यावर जी जागा येते तिथे सुई टोचायची. घडीच्या बाहेरच्या बाजूला, आतल्या बाजूला कधीच नाही, आतून गेलात तर मीडिअल टेरिगॉइड स्नायूत सुई जाते, ब्लॉक लागत नाही आणि दोन दिवसांनी पेशंट तोंड उघडत नाही म्हणून परत येतो.

तिसरी खूण म्हणजे सिरिंजची नळी कुठे ठेवायची, ती समोरच्या बाजूच्या खालच्या प्रीमोलरवर. उजवा ब्लॉक तर डावे प्रीमोलर.

खुणा पक्क्या झाल्या की अंगठा काढा आणि गाल मिरर किंवा रिट्रॅक्टरने ओढा. सुईच्या वाटेत स्वतःचा अंगठा ठेवून देणारे बरेच बघितलेत, पेशंटने मान हलवली की सुई तुमच्याच बोटात.

टोचल्यावर

जागा गॉजने कोरडी करा, टॉपिकल जेल लावून एक-दोन मिनिटं थांबा. मग टोचा आणि हळूहळू पुढे जा, हाड लागेपर्यंत. हाड लागणं हा या ब्लॉकचा प्राण आहे, साधारण २० ते २५ मिमीवर, म्हणजे लाँग नीडलचा दोन-तृतीयांश ते पाऊण भाग आत गेल्यावर टोकाला टक्क असं कडक लागतं. लागलं की १ मिमी मागे घ्या, नाहीतर औषध हाडाच्या आवरणाखाली जातं आणि पेशंटला फार दुखतं.

अर्धी सुईही आत गेली नाही आणि हाड लागलं, तर टोक फार पुढे आहे. आमच्या मुलीचं नेमकं हेच झालं होतं, तिला बारा-तेरा मिमीवरच हाड लागलं, तिला वाटलं पोचले, आणि तिने औषध सोडलं. अशा वेळी सुई पूर्ण बाहेर न काढता थोडी मागे घ्या, नळी समोरच्या बाजूच्या सुळ्याकडे, म्हणजे पुढच्या दातांकडे वळवा, त्यामुळे सुई रेमसला समांतर होते आणि आत सरकते. पुरेशी आत गेली की नळी पुन्हा प्रीमोलरवर आणा आणि हाड शोधा.

उलटं झालं, सुई जवळजवळ सगळी गेली तरी हाड लागत नाही, तर टोक फार मागे गेलंय. थोडी मागे घ्या, नळी समोरच्या मोठ्या दाढांकडे सरकवा, टोक हाडाकडे वळतं. इथे एक गोष्ट अगदी पक्की डोक्यात ठेवा, हाड लागल्याशिवाय औषध सोडायचं नाही. मागे पॅरोटिड ग्रंथी आहे आणि तिच्यातून चेहऱ्याची नर्व्ह जाते, औषध तिथे गेलं की त्या बाजूचा डोळा मिटत नाही, तोंड वाकडं होतं. काही तासांत औषध उतरलं की बरं होतं, पण तोवर पेशंट आणि घरचे लकवा झाला म्हणून हादरलेले असतात, आणि डोळा झाकून जपावा लागतो.

हाड लागलं, एक मिमी मागे आलात, आता अ‍ॅस्पिरेट करा. या ब्लॉकमध्ये शंभरात दहा-पंधरा वेळा रक्त येतं, इतर इंजेक्शनांपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून एकदा ओढून बघा, सुई जरा फिरवून परत ओढा. रक्त आलं तर जागा किंचित बदला आणि पुन्हा ओढून बघा. मग दीड मिली सोडा, आणि सावकाश, निदान एक मिनिट लावा. हे एक मिनिट मनात मोजा, गडबडीत ते पंधरा सेकंदांचं होतं. सुई निम्मी बाहेर आली की ०.२ मिली लिंग्वलसाठी. उरलेलं ०.३ मिली शेवटच्या दाढेच्या मागे गालाच्या बाजूला, लाँग बक्कल नर्व्हसाठी. ही बक्कल नर्व्ह मुख्य ब्लॉकमध्ये येत नाही, ती द्यायची राहिली की दाढ काढताना किंवा क्लँप लावताना गालाकडच्या हिरडीत पेशंट कळवळतो, आणि आपण म्हणतो ब्लॉक लागला नाही.

आता ओठाला विचारा

तीन ते पाच मिनिटांत खालचा ओठ आणि हनुवटीची ती बाजू जड व्हायला लागते. "बधिर झालं का" असं विचारू नका, पेशंटला बरं वाटावं म्हणून लोक हो म्हणतात. दोन्ही बाजूंना प्रोबने हलकं टोचून "इकडं आणि इकडं सारखं लागतंय का वेगळं" असं विचारा. आमच्याकडे निम्मे पेशंट घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारे, त्यांना बोटाने ओठ दाखवून विचारलं की बरोबर उत्तर येतं.

ओठ जागाच असेल तर दोष जागेचा, दाढेत काही वेगळं शोधू नका. दहा-पंधरा मिनिटं थांबूनही ओठ जड झाला नाही तर ब्लॉक पुन्हा द्या, या वेळी जरा वर. सुई कुठे चुकली ते आधी आठवा, नाहीतर त्याच चुकीच्या जागी दुसऱ्यांदा औषध पडतं. अक्कांना मी दुसरा ब्लॉक दिला तेव्हा आधी मान सरळ केली, त्यांनी हनुवटी छातीकडे ओढली होती आणि तोंड निम्मंच उघडलं होतं, म्हणून पहिल्या वेळी सुई पुढेही गेली आणि खालीही. नॉच पुन्हा चाचपली, नळी आधी समोरच्या सुळ्याकडे, आत गेल्यावर प्रीमोलरवर, बावीसेक मिमीवर हाड लागलं. पाच मिनिटांनी अक्का म्हणाल्या, "आता ओठ लय जाड झालाय, फुगल्यागत वाटायलाय."

इथेच बरेच जण ड्रिल उचलतात, आणि इथेच गंडतात. ओठ जड होणं म्हणजे औषध नर्व्हपर्यंत पोचलं, दाढेचा पल्प बधिर झाला असं नाही. पल्पला जास्त वेळ लागतो, पंधरा मिनिटं तरी द्या. आणि मग ज्याने आजार ओळखला त्यानेच परत तपासा, बर्फाची कांडी किंवा कोल्ड स्प्रे. मी पंधरा मिनिटांनी अक्कांच्या दाढेला बर्फ लावला, त्यांनी लगेच हात वर केला.

ओठ जड, तरी दाढ जागी का

यातलं सगळ्यात मोठं कारण दाढेतच असतं. व्हायव्हात आपण सांगतो की सुजलेल्या जागी आम्लता वाढते, औषधाचा जो भाग नर्व्हच्या आवरणातून आत शिरतो तोच कमी उरतो, म्हणून बधिरता येत नाही. पू झालेल्या जागी इन्फिल्ट्रेशन दिलं तर हे खरंच लागू पडतं. पण ब्लॉकचं औषध दाढेपासून कितीतरी मागे, निरोगी टिश्यूत पडतं, तिथली आम्लता वाढलेली नसते, मग एवढ्याने उत्तर पुरत नाही. खरी गोष्ट अशी की पल्प बरेच दिवस सुजलेला असला की त्यातल्या वेदनेच्या नर्व्ह स्वतःच बदलतात, थोड्याशा धक्क्याने पेटतात, आणि त्यांच्यावर असे सोडियम चॅनेल वाढतात ज्यांना लिग्नोकेन नेहमीएवढं दाबू शकत नाही. म्हणून बरोबर दिलेला ब्लॉकही ठणकत्या दाढेत निरोगी दाढेपेक्षा खूप जास्त वेळा अपुरा पडतो. त्यात चार रात्री जागलेला घाबरलेला माणूस, त्याची सहनशक्ती आधीच संपलेली असते.

दुसरं कारण जादा वायरिंग. मायलोहायॉइड नर्व्ह मुख्य नर्व्ह भोकात शिरण्याच्या आधीच फुटते आणि काहींच्यात दाढेला आतल्या बाजूने एखादी फांदी देते, ती ब्लॉकमधून सुटते. त्यासाठी दाढेच्या जिभेकडच्या बाजूला मुळाच्या पातळीवर अर्धा मिली दिलं की पुष्कळदा काम होतं. काहींच्यात कॅनालच दोन फांद्यांचा असतो, ओपीजी असेल तर तो आधी बघून घ्या, दोन समांतर रेघा दिसल्या तर ब्लॉक जास्त वर द्यायचा विचार करा, गो-गेट्स त्यासाठीच शिकायचा.

तिसरं आपल्या भागात रोजचं: मावा-गुटख्याने तोंडच उघडत नाही. दोन बोटंही जात नसतील तर वर सांगितलेली पद्धत ओढूनताणून करू नका, खुणा चुकणारच. तिथे तोंड बंद ठेवून देतात तो अकिनोसी ब्लॉक लागतो, त्यात हाड लागत नाही, फक्त खोली मोजून औषध सोडायचं असतं, म्हणून तो सिनिअरकडून हातात हात धरून शिका.

अक्कांचं पुढे काय केलं

ओठ पक्का बधिर होता, म्हणजे तिसरा ब्लॉक देऊन काही मिळणार नव्हतं. मी गालाच्या बाजूने ४६ च्या मुळांशी आर्टिकेन ४ टक्क्यांची एक कार्ट्रिज, १.७ मिली, सावकाश दिली. खालच्या मोठ्या दाढेचं हाड जाड, तिथे लिग्नोकेनचं इन्फिल्ट्रेशन फारसं उतरत नाही, आर्टिकेन मात्र ब्लॉकच्या जोडीला चांगलं काम करतं. ब्लॉकला मी लिग्नोकेनच वापरते. पाच मिनिटांनी बर्फ लावला, काहीच नाही.

औषधाचा हिशोब कागदावर केला, तुम्हीही करत जा. दोन वेळचं लिग्नोकेन मिळून ४ मिली, म्हणजे ८० मिग्रॅ, आर्टिकेन ६८, एकूण १४८. किलोला ७ मिग्रॅ धरलं तर ४८ किलोच्या बाईला मर्यादा ३३६ ची, म्हणजे निम्म्याच्याही आत. बीपी आणि हार्टची हिस्ट्री आधीच घेतली होती, नाहीतर अ‍ॅड्रेनॅलिनचा वेगळा विचार करावा लागला असता.

रबर डॅम लावून दाढ उघडली, डेंटिनपर्यंत अक्का शांत. पल्पचं छत फुटलं तसा त्यांनी हात वर केला, मी लगेच थांबले. थांबणं महत्त्वाचं, "थोडं सोसा" म्हटलं की पुढच्या प्रत्येक सिटिंगला तो पेशंट चेअरवर आखडून बसतो. तेव्हा शेवटचा उपाय, पल्पच्या आतच इंजेक्शन. त्याआधी स्पष्ट सांगितलं, "अक्का, एकच कळ येईल, दोन-तीन सेकंद, मग सगळं बंद." छोट्या भोकात सुई घट्ट बसवून दोन-चार थेंब जोर लावून सोडले. इथे काम करतो तो दाब, सुई सैल असेल आणि औषध बाहेर वाहत असेल तर काही उपयोग नाही. कळ आली, गेली, आणि मग तिन्ही कॅनाल आरामात साफ झाले.

अशा पेशंटला एक तास आधी ४०० किंवा ६०० मिग्रॅ आयब्युप्रोफेन दिलं तर ब्लॉक लागायची शक्यता वाढते, पण अल्सर, किडनीचा त्रास, दमा, गरोदरपण हे विचारल्याशिवाय नाही. अक्कांना अ‍ॅसिडिटीचा जुना त्रास आणि एकदा रक्ताची उलटी झालेली, म्हणून मी दिलं नव्हतं.

घरी पाठवताना सांगितलं की ओठ पूर्ण जागा होईपर्यंत काही खायचं नाही, चहा पण नाही, कडक भाकरी तर अजिबात नको, बधिर ओठ दातात सापडून फाटतो आणि कळत पण नाही. केस पेपरवर लिहिलं: ४६, पहिला ब्लॉक १२-१३ मिमीवर, जीभ बधिर, ओठ नाही, दुसरा २२ मिमी, ओठ बधिर, बर्फाला कळ, बक्कल आर्टिकेननंतर बर्फ शून्य, पल्प उघडल्यावर आतून इंजेक्शन. आठवड्याने त्या परत आल्या तेव्हा त्याच मुलीने त्याच उंचीवर एकच ब्लॉक दिला, हाड २२ वर लागलं, आणि आत आता जिवंत पल्प उरलाच नव्हता, तेवढ्यावर सगळं काम झालं.